बाद फेरीपूर्वीचा पंचनामा

तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर अशा तालुक्यांच्या गावांहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेसाठी भंडाऱ्यास उतरणारा हँडबॉलचा संघ आपल्याबरोबर चेंडू, पाण्याचे कॅन, मुलींच्या वयाचे दाखले आणि डब्यांच्या पिशव्या अगदी तपशीलवार आणतो. परंतु ज्या संघाशी दुपारी गाठ पडायची आहे त्याविषयीची माहिती मात्र ‘त्यांची सात नंबरची पोरगी लई जोरात मारते’ एवढ्या एका वाक्यापलीकडे सहसा जात नाही. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळे हरलेला संघ संध्याकाळच्या गाडीने घरी परततो आणि जिंकलेला पुढे नागपूर विभागाच्या फेरीस जातो. म्हणजे प्रतिपक्षाकडून आज शिकून उद्या सुधारणा करण्याची सवड येथे कोणासही नाही. जे काही पाहावयाचे ते त्यांच्या एकाच सामन्यात, बहुधा आपल्या सामन्याच्या तास-दोन तास आधी, मैदानाच्या कडेला उन्हात बसून पाहावयाचे असते.

एवढ्या तुटपुंज्या अवधीत काय पाहावे, ते कसे टिपावे आणि टिपलेल्यापैकी कितीसे मुलींच्या कानी घालावे, याची एक साधी रीत येथे मांडावयाची आहे. व्यावसायिक संघ यासाठी सामन्यांच्या चित्रफिती तुकड्या-तुकड्यांनी तपासतात. शाळेच्या संघाला एक फूलस्केप कागद, दोन पेन्सिली आणि राखीवांतही नाव नसलेल्या दोन चौकस मुली पुरतात. राखीव खेळाडूंना या कामी बसवू नये. त्यांनी शरीर गरम करावयाचे असते, आणि ज्या मुलीचे अर्धे लक्ष आपल्या बुटांच्या नाड्यांकडे आहे तिची नोंद भरवशाची नसते.

खेळाची आखणी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. मैदान 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद, गोल 3 मीटर रुंद व 2 मीटर उंच; गोलासमोर 6 मीटरवर जी वक्र रेषा असते तिच्या आतल्या भागाला आपल्याकडे सरसकट ‘डी’ म्हणतात, आणि तेथे गोलकीपरखेरीज कोणाला पाय टेकता येत नाही. 9 मीटरवर तुटक रेषा, 7 मीटरवर पेनल्टीची खूण. प्रत्येक बाजूस सात खेळाडू: एक गोलकीपर, दोन कोपऱ्यांत दोन विंग, मागे डावी व उजवी बॅक, त्यांच्यामध्ये सेंटर, आणि प्रतिपक्षाच्या बचावफळीत शिरून डीच्या कडेला उभी राहणारी पिव्होट. डेन्मार्कच्या होल्गर नील्सनने 1906 साली ज्याचे नियम छापले त्या खेळाचे हे सात जणांचे रूप म्युनिकच्या 1972 च्या ऑलिम्पिकपासून जगन्मान्य झाले. आपल्या शाळांतून तो छताखाली क्वचितच खेळला जातो. मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषांत खेळला जातो, आणि या एका गोष्टीचा परिणाम पुढे योजनेवरही होणार आहे.

आता कागद. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात अर्ध्या मैदानाचे रेखाटन करावे: गोल, डी, तुटक रेषा. खाली एक आडवा आयत काढून त्याचे सहा चौकोन पाडावेत. हा गोल, तीन वर, तीन खाली. प्रतिपक्षाच्या मुलीने गोलावर चेंडू मारला की जेथून मारला त्या जागी तिच्या पाठीवरचा क्रमांक लिहावा. गोल झाल्यास त्या अंकाभोवती वर्तुळ करावे, न झाल्यास अंक तसाच मोकळा ठेवावा. आयताच्या ज्या चौकोनात चेंडू गेला तेथेही तोच अंक टाकावा. आणि अंकाच्या शेजारी, बारीक अक्षरात, तिला चेंडू कोणी दिला तिचा क्रमांक लिहावा. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात. माझ्या मते साऱ्या कागदात तिच्याइतकी मोलाची दुसरी नाही, आणि ती का, हे पुढील उदाहरणात दिसेल. समासात तीन उभ्या रकान्यांत प्रत्येक चढाईचा शेवट मांडावयाचा: गोल, फुकट गेलेला फटका, किंवा फटक्यापूर्वीच हातचा गेलेला चेंडू. कागदाच्या पाठीवर त्यांच्या बचावाविषयी चार-पाच ओळी पुरे.

नोंद करताना पहिला घोटाळा होतो तो डाव्या-उजव्याचा. एक मुलगी आपण बसलो त्या बाजूने डावे-उजवे मोजते, दुसरी गोलकीपरच्या दृष्टीने, आणि शेवटी कागदावर एकाच खेळाडूचे फटके दोन्ही कडांना विखुरतात. यासाठी नियम एकच असावा: चढाई करणाऱ्या संघाचे तोंड ज्या दिशेला, तिचे डावे ते डावे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात तेव्हा कागदही हातात उलटा फिरवावा, म्हणजे डोक्यात गणित करावे लागत नाही. दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. प्रेक्षकाला गोल आठवतात, चुकलेले फटके आठवत नाहीत. त्यामुळे लिहिणारी मुलगी जर खेळात रंगली तर कागदावर वर्तुळेच वर्तुळे दिसू लागतात आणि प्रतिपक्ष अजिंक्य भासतो. म्हणून एकीने केवळ पाहून मोठ्याने सांगावे व दुसरीने मान खाली घालून लिहावे. मध्यंतरात गुणफलकावरील गोल आणि कागदावरील वर्तुळे यांची रुजवात घ्यावी. आकडे जुळत नसतील तर कोठे निसटले ते तेव्हाच आठवते, सामना संपल्यावर आठवत नाही.

रीत एवढीच; तिचा उपयोग समजण्यासाठी एक सामना मांडून पाहू. संघ आणि आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत, परंतु 17 वर्षांखालील मुलींच्या सामन्यात ते पडावेत असेच घेतले आहेत. समजा, आपल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांनी आपला सामना 15 विरुद्ध 12 गोलांनी जिंकला. समासातील रकाने सांगतात की त्यांनी 32 वेळा चढाई केली. 15 गोल झाले, 9 फटके फुकट गेले आणि 8 वेळा फटक्याआधीच चेंडू गमावला. म्हणजे एकूण 24 फटके. त्यांपैकी 10 एकट्या सात नंबरने, डाव्या बॅकच्या जागेवरून, उडी मारून घेतले व 6 गोल केले. पिव्होट असलेल्या चार नंबरने 4 फटक्यांत 3 गोल केले. दोन्ही विंगनी मिळून 4 फटक्यांत एकच गोल केला. सेंटर व उजवी बॅक यांनी मिळून 2 फटक्यांत एक. उरलेल्यांत वेगाने पळत जाऊन केलेले 3 फटके, तिन्ही गोल. आणि एक पेनल्टी, तीही गोल.

येथपर्यंत कागदाने जे सांगितले ते मैदानाच्या कडेला बसलेल्या कोणत्याही पालकाने सांगितले असते: सात नंबर धोक्याची. आता साहजिक उपाय सुचतो तो असा की, सात नंबरच्या हाती चेंडू येताच आपल्या बचावफळीतील तिच्यासमोरच्या मुलीने 9 मीटरपर्यंत पुढे धावून तिला अडवावे. शाळांतून दहापैकी नऊ प्रशिक्षक हेच सांगतात, आणि याच ठिकाणी बारीक अक्षरातली नोंद कामास येते. पिव्होटचे जे 3 गोल झाले त्या तिन्हींच्या शेजारी ‘7’ लिहिलेले आहे. म्हणजे आधीच्या संघानेही हाच उपाय केला होता. बचावातील मुलगी पुढे धावली, तिच्या पाठीमागे डीच्या कडेला जागा मोकळी झाली, तेथे पिव्होट सरकली, आणि सात नंबरने फटका न मारता चेंडू तिच्या हातात टाकला. धोके दोन दिसत होते. वस्तुतः तो एकच होता, आणि एकावर घातलेला घाव दुसऱ्याला वाट करून देत होता.

मग तोड कोठे घालावी? पुन्हा बारीक अक्षरे पाहावीत. सात नंबरच्या 10 फटक्यांपैकी 8 फटक्यांच्या शेजारी ‘9’ आहे, आणि नऊ नंबर ही त्यांची सेंटर. शिवाय सांगणाऱ्या मुलीने पाठीवर एक वाक्य लिहून ठेवलेले असावे, या वयाच्या मुलींच्या नजरेला अशा गोष्टी आपल्यापेक्षा चटकन दिसतात: ‘सर, सात नंबर बॉल भेटायच्या आधीच धावते जी.’ या वाक्यात सारे रहस्य आहे. हँडबॉलमध्ये चेंडू हाती धरून तीनच पावले टाकता येतात. उभ्या-उभ्या चेंडू घेणाऱ्या मुलीला तेवढ्या तीन पावलांत वेग कमवावा लागतो, परंतु जी आधीच पळत सुटली आहे तिला ती तीन पावले उडीसाठी आयती मिळतात. तेव्हा सात नंबरला चेंडू मिळू न देणे हे आपले उद्दिष्ट नव्हे, ते शक्यही नाही. तिला तो पळताना मिळू न देणे, एवढेच पुरे आहे. उभी राहून तिने चेंडू घेतला की तिची उडी अर्धी राहते, आणि पिव्होटला चेंडू देण्यासाठीही बचावफळीत फट पडलेली नसते.

म्हणून आपला बचाव सहाच्या सहा मुली डीच्या रेषेवर उभ्या करून न करता, पाच मागे व एक पुढे असा करावा. पुढची मुलगी तुटक रेषेच्या आसपास उभी राहील. परंतु पुस्तकी आकृतीप्रमाणे बरोबर मध्यावर नव्हे, तर आपल्या उजव्या अंगाला दोन पावले सरकून, नऊ आणि सात यांच्यामधल्या वाटेवर. त्यांचे डावे ते आपले उजवे, हे तिला दोनदा समजावून द्यावे. तिने चेंडूकडे पाहायचे नाही, सात नंबरच्या पायांकडे पाहायचे. पाय हलले की वाटेत हात पसरायचे. या कामासाठी संघातली सर्वांत उंच मुलगी निवडण्याचा मोह होतो. तो टाळावा, येथे उंचीपेक्षा न कंटाळता इकडून तिकडे सरकणारे पाय हवेत.

पाच मुलींनी डीची सारी रेषा राखावयाची म्हणजे कोठेतरी जागा सुटणारच, आणि ती कोठे सुटावी हे आपण ठरवायचे की प्रतिपक्षाने, एवढाच प्रश्न उरतो. आपल्या कागदाप्रमाणे ती विंगच्या कोपऱ्यात सुटावी. कोपऱ्यातून मारणाऱ्या मुलीला 3 मीटरच्या गोलातला अगदी अरुंद तुकडा दिसतो. गोलकीपर खांबाला चिकटून उभी राहिली तर तोही बुजतो. त्यांच्या विंगनी 4 फटक्यांत एक गोल केला हे या निर्णयाला पोषक आहे खरे, परंतु चार फटक्यांवरून कोणाची लायकी ठरत नसते, हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी समोरची गोलकीपर कोपऱ्याच्या फटक्यांत तरबेज असू शकेल. म्हणून फटके मोजण्याबरोबर ते कसे मारले हेही पाहावे. विंगची मुलगी रेषेवरून जागच्या जागी मारते, की डीवरून हवेत आतल्या बाजूस झेपावून, कोन मोठा करून मारते? पहिली असेल तर निर्धास्त सोडावी. दुसरी असेल तर योजना पुन्हा पाहावी.

याहून फसवी गोष्ट उजव्या बॅकची. तिने जवळजवळ फटकेच मारलेले नाहीत, यावरून ती दुबळी असे अनुमान काढणे घाईचे होईल; तिच्यावर मारण्याची पाळीच आली नसेल. आपण सात नंबरची वाट बंद केली की नऊ नंबर साहजिकच तिच्याकडे वळणार. याची खातरजमा करण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे सामन्यापूर्वी दहा मिनिटे त्यांचा संघ गोलकीपरवर फटके मारून हात मोकळे करतो तेव्हा. तेथे तिचा चेंडू कितपत जोराने जातो हे स्वतः प्रशिक्षकाने पाहावे. हे काम मुलींवर सोपवू नये.

आपल्या चढाईविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण अर्ध्या दिवसात कोणताही संघ नवी चढाई शिकत नाही. आपली नित्याचीच चढाई कोठे वळवावी एवढेच ठरवता येते. कागदाच्या पाठीवर दोन नोंदी आहेत असे धरू. एक, फटका मारल्यावर सात नंबर आपल्या फटक्याचे काय झाले ते पाहत क्षणभर उभी राहते आणि बचावाला सर्वांत शेवटी परतते. दोन, त्यांची गोलकीपर फटक्याआधीच गुडघे वाकवून खाली बसते. तिच्यावर झालेल्या 12 गोलांपैकी 8 वरच्या तीन चौकोनांत आहेत. पहिलीवरून असे ठरते की आपल्या गोलकीपरने चेंडू अडवताच तो उजव्या विंगकडे फेकावा, कारण सात नंबरची मोकळी राहिलेली बाजू तीच. येथे मात्र मुरमाचे मैदान आडवे येते. छताखालच्या गुळगुळीत जमिनीवर विंगची मुलगी चेंडू आपटत सुसाट जाऊ शकते. आपल्याकडे पाऊस नुकताच ओसरलेल्या दिवसांत, खड्यावर पडलेला चेंडू कोठे उसळेल याचा नेम नसतो. म्हणून एकदा फेक, एकदा झेल आणि सरळ फटका. मध्ये चेंडू आपटणे नको, असा हुकूम असावा. दुसऱ्या नोंदीवरून ‘वर मारा’ असे साऱ्यांना सांगण्याचा मोह होईल, तर तसे सांगू नये. वर मारण्याचा सराव नसलेल्या मुलीचा चेंडू दांडीवरून जातो. ज्या दोघी-तिघींना ते जमते त्यांनाच बाजूला घेऊन सांगावे.

आता कागदावर इतके जमले की प्रशिक्षकाला ते सारेच्या सारे बोलून दाखवण्याची उबळ येते, आणि संघाच्या पराभवाची तजवीज बहुधा येथेच होते. सामन्याआधी कावरीबावरी झालेली पंधरा वर्षांची मुलगी तीन वाक्यांहून अधिक काही लक्षात ठेवत नाही. ती तीन वाक्ये या उदाहरणात अशी होतील: ‘सातला बॉल पळताना मिळू द्यायचा नाही. विंगला मारू द्यायचं. बॉल आपला झाला की उजवी विंग पळेल.’ यापलीकडचे जे काही आहे ते ज्या मुलीचे काम तिलाच, एकटीला सांगावे. नंतर मैदानामागच्या मोकळ्या जागेत चपला मांडून डीची रेषा करावी, तीन राखीव मुलींना त्यांची नऊ, सात आणि चार करावे, आणि हा बचाव आधी चालत चार-सहा वेळा, मग पळत तीन-चार वेळा करून घ्यावा. पाऊण तास नको, पंधरा मिनिटे पुरेत. पायांतला दम सामन्यासाठी ठेवायचा आहे. यातच दोनदा पुढच्या मुलीला बाहेर काढून पाहावे, कारण हात पसरून अडवणारी मुलगी अंगाला भिडली की पंच तिला 2 मिनिटांसाठी बाहेर बसवतात, आणि त्या 2 मिनिटांत राहिलेल्या पाचजणींनी डीच्या रेषेवर मुकाट उभे राहावयाचे असते, हे आधी केलेले नसेल तर बाकावरून ओरडून कळत नाही.

योजना चुकते आहे हे कसे ओळखावे, याचाही आकडा आधीच ठरवून ठेवावा. खेळाच्या भरात प्रत्येक गोल आपत्तीसारखा वाटतो आणि प्रशिक्षक पाचव्या मिनिटालाच सारे बदलून बसतो. त्याच दोन मुलींना आपल्या सामन्यात नवा कागद देऊन दोनच गोष्टी मोजायला बसवावे: सात नंबरला पळताना चेंडू किती वेळा मिळाला, आणि विंगने किती गोल केले. पहिल्या 10 मिनिटांत सातला तीनदा पळताना चेंडू मिळाला असेल तर पुढची मुलगी बदलावी, योजना नव्हे. विंगने तेवढ्याच वेळात 3 गोल केले असतील तर मात्र ‘विंग सोडा’ हा आपला हिशेबच चुकला. तेव्हा विश्रांतीचा एक मिनिट मागून सहाच्या सहा डीवर आणाव्यात. आणि सात नंबरला त्यांनी सेंटरच्या जागी आणले, तर आपण त्यांना त्यांची नेहमीची घडी मोडायला लावली असे समजून पुढच्या मुलीने तिच्याबरोबर मध्यभागी यावे.

राहता राहिली पेनल्टी. बाद सामना बरोबरीत सुटू शकत नाही; आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आधी जादा वेळ आणि तरीही निकाल न लागल्यास दोन्ही बाजूंच्या पाच-पाच मुलींचे 7 मीटरवरून फटके, असा क्रम असतो, परंतु शालेय स्पर्धांत वेळेअभावी थेट फटक्यांवरही निकाल लावला जातो, म्हणून सामन्याचा अवधी किती आणि बरोबरी झाल्यास काय, हे सकाळीच पंचांना विचारून कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावे. प्रतिपक्षाची एकच पेनल्टी आपण पाहिली आहे. ती खाली डावीकडे गेली म्हणून पुढचीही तिकडेच जाईल असे गोलकीपरला सांगणे म्हणजे तिला विनाकारण एका बाजूला बांधून घालणे होय. एवढ्या तोकड्या पुराव्यावर गप्प बसावे. त्याऐवजी दुपारी चारनंतर सूर्य कोणत्या गोलाच्या तोंडावर येतो, हे पाहून ठेवावे. नाणेफेक जिंकली तर ती उपयोगी पडते, आणि हरली तर निदान गोलकीपरला टोपी द्यायची आठवण राहते.

त्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या कडेला, एखाद्या झाडाच्या सावलीत, दुसऱ्या गावच्या दोन मुली गुडघ्यावर वही ठेवून बसलेल्या दिसल्या तर त्यांना हुसकावू नये. सामना उघड्यावर आहे आणि पाहणे सर्वांना मोकळे आहे. फक्त सराव चालू असताना त्यांच्या नजरेसमोर चपलांची डी मांडू नये, आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी हाच कागद आपल्या स्वतःच्या संघासाठी एकदा भरवून घ्यावा, म्हणजे त्या वहीत आपल्याविषयी काय लिहिले जाणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.